भाद्रपदातल्या निर्माल्यासाठी आत्ताचा पालापाचोळा राखून ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली सोसायटी,
कोथरूड, पुणे.

स.न.वि.वि.

होळी नुकतीच झाली आणि मी गणपतीच्या निर्माल्याबद्दल पत्र लिहिते आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण या कामाचा मोसम आत्ताच आहे. मागच्या भिंतीलगतचा पिंपळ आणि पार्किंगमधला देशी बदाम सध्या पाने गाळत आहेत. झाडणारे काका रोज ती पोत्यांत भरतात आणि पोती घंटागाडीत जातात. सहा महिन्यांनी झेंडूच्या हारांचे ढीग येतील, तेव्हा नेमकी हीच पाने लागणार आहेत आणि त्या दिवसांत पुण्यात वाळका पाला औषधालाही मिळत नाही. झाडे हिरवीगार असतात आणि खाली पडलेले सगळे पावसाने भिजलेले असते.

गेल्या गणपतीत आपल्या खतखड्ड्याचे काय झाले ते सर्वांना आठवत असेल. गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी जमलेले सगळे निर्माल्य एकदम खड्ड्यात ओतले, वर झाकण टाकले आणि चौथ्या दिवशी ए-इमारतीच्या तळमजल्यावर खिडक्या लावून बसण्याची वेळ आली. मग खड्डा बंद झाला आणि ‘आपल्याकडे हे जमत नाही’ असे ठरून गेले. मला वाटते हा निकाल घाईचा होता. वास खताचा नव्हता, हवा न मिळता कुजणाऱ्या फुलांचा होता.

ताज्या फुलांत वजनाच्या ८० ते ८५ टक्के पाणी असते. त्यातून झेंडूची रचना अशी की पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा थर बसतो आणि खालचा हिरवा देठाचा भाग पाणी धरून ठेवतो. असा हातभर थर बसला की आत हवा शिरत नाही. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. खत होण्यासाठी ढिगात ५५ ते ६० टक्के ओल पुरते. त्याहून जास्त पाणी शोषून घ्यायला आणि फुलांमध्ये पोकळी ठेवायला काहीतरी कोरडे हवेच, आणि ते काम वाळका पाला करतो.

किती पाला लागेल याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे दहा दिवसांत मिळून साधारण साठ किलो निर्माल्य जमते असे धरू. त्यात सुमारे पन्नास किलो नुसते पाणीच असते. वाळक्या पाल्यातही थोडी ओल असतेच, ती धरून एकूण ओल साठ टक्क्यांवर आणायची तर त्यात जवळपास तीस किलो वाळका पाला मिसळावा लागतो, म्हणजे वजनाने फुलांच्या निम्मा. पाला हलका असल्यामुळे हेच माप बादलीने घेतले तर एक बादली फुलांना दोन बादल्या पाला, हे लक्षात ठेवायला बरे. चुरून, दाबून भरलेल्या पोत्यात पाच-सहा किलो पाला मावतो. तेव्हा सहा पोती लागतील. मी आठ ठेवा म्हणेन, कारण पावसाळ्यात एखादे भिजतेच.

पिंपळाची पाने उत्तम. बदामाची जाड, चिवट असतात आणि वर्षभर तशीच राहतात, म्हणून ती पोत्यात भरण्याआधी पायाने चुरून घ्यावी लागतील. पोती जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीत मात्र नकोत. वाळक्या पाल्याला ठिणगी पुरते. पाण्याच्या टाकीमागे पत्र्याचा आडोसा आहे, तिथे दोन विटा खाली घालून ठेवता येतील. पाला कमी पडला तर कोकोपीट चालते. सुताराकडचा भुसाही चालतो, मात्र तो अस्सल लाकडाचा हवा. प्लायवूडच्या भुशात डिंक-रसायने असतात, तो नको.

जुना खड्डा मी वापरू नका असे सुचवते. त्याला तळातून निचरा नाही आणि बाजूने हवा नाही. त्याऐवजी बागेच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीचा एक गोल उभा करावा, मीटरभर रुंद आणि मीटरभर उंच. ढीग याहून फार लहान असला तर आतली ऊब टिकत नाही. वर ताडपत्रीचे तिरके छप्पर हवे, कारण आपला गणपती आणि परतीचा पाऊस बरोबरच येतात.

तळाला वीतभर पाला घालायचा. मग निर्माल्य रोजच्या रोज टाकायचे, साठवून एकदम नाही, आणि प्रत्येक थरावर दुप्पट पाला. सुरुवातीला जुने खत किंवा शेणकाला दोन-चार तांबे शिंपडला की जिवाणूंचे विरजण लागते. दोन-तीन दिवसांनी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवावी आणि थोड्या वेळाने काढून हात लावावा. चांगली गरम लागली तर काम सुरू आहे. गार लागली तर मूठभर मिश्रण पिळून पाहावे. एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवून ढीग उलटायचा. हाताला कोरडे लागले तर पाणी शिंपडायचे. अमोनियाचा उग्र वास आला तरी उपाय तोच, पाला. आठवड्यातून एकदा फावड्याने ढीग वरखाली केला की दिवाळीच्या आसपास काळे, भुसभुशीत खत चाळून घेता येते. मधे पांढुरक्या अळ्या दिसतील. त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या असतात, त्रास देत नाहीत. त्यांच्यावर औषध मारू नये, एवढे माळीकाकांना सांगून ठेवायला हवे.

खरी मेहनत आहे ती हार सोडवण्याची. सुती दोऱ्यातला हार आणि प्लास्टिकच्या सुतळीतला हार दिसायला सारखेच, पण दुसऱ्यातला दोरा फावड्याला गुंडाळतो आणि खतात वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून निर्माल्याच्या पिंपाशेजारी एक टेबल आणि कात्री ठेवू. ज्याने त्याने आपला हार कापून दोरा, जरीची फीत, चमकीचा कागद आणि स्टेपलची पिन वेगळ्या डब्यात टाकावी. मुलांना हे काम आवडते, हे मी पाहिले आहे. केळीचे खांब, केवडा आणि आंब्याचे डहाळे बोटभर तुकडे करून टाकावेत. गुलालाने माखलेली फुले नकोत. हळदीकुंकवाचा शिंतोडा चालेल. तुपातेलाच्या वाती आणि उदबत्तीच्या काड्या बाजूला.

दूर्वांचे एक सांगते, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. दूर्वा म्हणजे हरळी. तिचे पेर जिवंत राहिले तर ती खतातूनही उगवते आणि कुंड्यांत पसरली की माळी आपल्याला शिव्या घालतो. जुड्या सोडून तीन-चार दिवस उन्हात कडक वाळवून मगच ढिगात टाकाव्यात.

शाडूच्या मूर्तींचा प्रश्न वेगळा. माती कुजत नाही. ती ढिगात घातली तर सगळ्या फटी बुजवून हवा बंद करते. म्हणून आपल्या आवारात विसर्जनाचे एक मोठे पिंप ठेवावे. मूर्तीवर वार्निश नसेल तर ती बहुधा रात्रभरात विरघळते. दोन दिवस न हलवता ठेवले की माती तळाशी बसते. वरचे पाणी झाडांना घालून खालचा गाळ जुन्या सुती कापडातून गाळावा, रंगाचे पापुद्रे काढून टाकावेत आणि माती सावलीत थापून वाळवावी. ही माती मूर्तिकार परत वापरतात. पुण्यात ती गोळा करून त्यांच्यापर्यंत पोचवणारे गटही आहेत. घटस्थापनेचे मातीचे घट आणि पणत्या भाजलेल्या असतात, त्या विरघळणार नाहीत. त्यांचे तुकडे कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी चांगले.

ज्यांच्याकडे प्लास्टरची मूर्ती येते त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत बसवून दिली आहे आणि महापालिकेने गेली काही वर्षे ही पावडर लोकांना वाटली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल एवढे पाणी आणि दर दोन-तीन तासांनी ढवळणे. दोन-तीन दिवसांत प्लास्टरचे रूपांतर होऊन तळाशी चुन्यासारखा कॅल्शियम कार्बोनेटचा साका राहतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरते. ते खतच आहे, पण भरपूर पाणी घालूनच झाडांना द्यावे. हे गच्चीवर किंवा उघड्यावर करावे, घरात नाही, आणि बादलीला घट्ट झाकण लावू नये. वायू सुटतो आणि वासही येतो.

आता श्रद्धेचा मुद्दा. गेल्या सभेत दोन ज्येष्ठ सभासदांनी ‘देवाचे फूल कचऱ्यात कसे घालायचे?’ असे विचारले होते आणि त्यांना कोणी नीट उत्तर दिले नाही. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. म्हणूनच निर्माल्याचा ढीग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून पूर्ण वेगळा असावा आणि त्याचे खत तुळशी, जास्वंद आणि पारिजातकालाच घालावे, लॉनवर किंवा वाटेवर जिथे पाय पडतील तिथे नाही. मूर्तीचे म्हणाल तर उत्तरपूजेत ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता वाहिल्या आणि मूर्ती जागेवरून हलवली की देवत्वाचे विसर्जन तिथेच होते. पुढे पार्थिव माती पाण्याला द्यायची असते. ते पाणी मुठेचे असावे की आपल्या पिंपातले, हे मंत्र सांगत नाही. आरती आणि ‘पुनरागमनाय च’ पिंपाजवळही म्हणता येते. ज्यांना घाटावरच जायचे आहे त्यांनी जरूर जावे. फक्त हार-फुले घरीच उतरवून इथल्या पिंपात टाकावीत.

समितीकडे माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. पाला घंटागाडीत देणे या आठवड्यापासून थांबवावे. आठ पोती आणि टाकीमागची जागा मंजूर करावी. झाडणाऱ्या काकांना पाला चुरून भरण्याचे आणि पुढे ढीग उलटण्याचे वेगळे पैसे द्यावेत. हे त्यांच्या रोजच्या कामात धरू नये. जाळी आणि ताडपत्रीचा खर्च श्रावणातल्या बैठकीत ठरवला तरी चालेल, पाने मात्र तोवर थांबणार नाहीत. रविवारी सकाळी मी बागेत असतेच. आपण किंवा सचिवांनी दहा मिनिटे खाली यावे, जाळी कुठे बसेल ते दाखवते.

कळावे,
आपली,
बी-इमारतीतील एक सभासद