हरीण, गॅरेज आणि ५०० डॉलर

हॅरिसबर्ग, पेन्सिल्व्हेनिया
२१ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दर महिन्याला विम्याचा हप्ता भरतोस, मग गॅरेजवाल्याला वर ५०० डॉलर कशाचे दिलेस?" तेव्हा घाईत होतो, म्हणून आज सविस्तर लिहितो. मला कुठेही लागलेलं नाही, हे आईला आधी सांगा.

सध्या इकडे हरणांच्या माजाचा काळ आहे. अंधार पडता पडता एक हरीण झाडीतून थेट गाडीवर आलं. बंपर, डावा दिवा आणि बॉनेट गेलं. हरणाची धडक माझ्या पॉलिसीतल्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भागात बसते. त्याला चुकवायला जाऊन झाडावर आदळलो असतो, तर क्लेम 'कोलिजन'मध्ये गेला असता.

या भागाला ५०० डॉलर डिडक्टिबल आहे. म्हणजे नुकसानीतले पहिले ५०० माझे, पुढचे कंपनीचे. गॅरेजने आधी २,६०० चा अंदाज दिला, तेव्हा कंपनीने २,१०० मंजूर केले. बंपर उतरवल्यावर आत रेडिएटरचा आधारही वाकलेला निघाला आणि खर्च ८०० ने वाढला. मला वाटलं, आता माझा वाटाही वाढणार. पण डिडक्टिबल एका क्लेमला एकदाच कापतात, त्यामुळे ते ८०० पूर्ण कंपनीने भरले. एकूण बिल ३,४००, त्यातले कंपनीचे २,९००. उरलेले ५०० मी दुरुस्त गाडी परत घेताना गॅरेजलाच दिले, कंपनीकडे नाही.

तुमचा मुद्दा होता की इतके हप्ते भरले, ते यातून वळते का झाले नाहीत. बाबा, हप्ता क्लेमच्या हिशेबात येतच नाही. वर्षभर काही घडलं नाही तरी तो जातो, कारण तेवढे दिवस जोखीम कंपनीने उचललेली असते. डिडक्टिबल मात्र काही घडलं तरच द्यायचं, आणि उद्या दुसरं हरीण आलं तर पुन्हा ५००. म्हणूनच ३०० डॉलरच्या ओरखड्यासाठी क्लेम करून हाती काहीच लागत नाही.

डिडक्टिबल १,००० केलं तर माझा हप्ता महिन्याला ९ डॉलरने उतरतो, म्हणजे वर्षाला १०८. वाढीव ५०० भरून निघायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील. इथल्या रस्त्यांवर मला ते परवडणारं वाटत नाही, म्हणून ५०० च ठेवलंय.

तुमच्या गाडीच्या पॉलिसीतही 'कम्पल्सरी डिडक्टिबल' असेल. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ते १,००० रुपये असतं. त्याखाली 'व्हॉलंटरी' अशी ओळ असते. एजंटने हप्ता कमी दिसावा म्हणून तिथे ७,५०० किंवा १५,००० टाकले असतील, तर क्लेमच्या वेळी तेही कापले जातील. त्या पानाचा फोटो पाठवा, नूतनीकरणाआधी मी बघतो.

आईला नमस्कार.

तुमचा,
अभी