फ्लूच्या लशीचे ‘19 टक्के’ म्हणजे नेमके काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्लूच्या लशीवरचा लेख वाचला. 2014-15 च्या हंगामात अमेरिकेत लस ‘फक्त 19 टक्के’ परिणामकारक ठरली, असे त्यात ठळक अक्षरांत होते. त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीतले पंचाहत्तरीचे शेजारी पुरवणीची घडी घेऊन दारात उभे. “डॉक्टर, म्हणजे लस घेतलेल्या शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांना फ्लू झालाच की! मग मी दरवर्षी दंड का पुढे करू?” आकडा खरा होता, पण तो कसा काढतात हे लेखात कुठेच नव्हते. म्हणून हे पत्र.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ठरवलेल्या दवाखान्यांत हंगामभर खोकल्याचे जे रुग्ण येतात, त्यांपैकी आजार सुरू होऊन सात दिवस उलटलेले नाहीत अशांच्या नाकातून आणि घशातून स्वॅब घेतात. आरटी-पीसीआर चाचणी होते. फ्लू निघाला ते एका गटात, नाही निघाला ते दुसऱ्या गटात. मग दोन्ही गटांत लस किती जणांनी घेतली होती ते पाहतात. तुलना घरी बसलेल्या निरोगी माणसांशी मुद्दाम करत नाहीत. लस आठवणीने घेणारा माणूस बहुधा साध्या खोकल्यालाही डॉक्टरकडे धावतो आणि लस न घेणारा अंगावर काढतो. दोन्ही गट दवाखान्यात आलेल्यांचेच असले की हा फरक बराचसा निघून जातो.

हिशेब समजावा म्हणून काल्पनिक आकडे घेतो. हजार रुग्ण तपासले. 400 जणांना फ्लू निघाला. त्यांत 150 लसवंत, 250 बिनलशीचे, म्हणजे प्रमाण 0.6. उरलेल्या 600 जणांत लस घेतलेले 300 आणि न घेतलेले 300, म्हणजे प्रमाण 1. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 0.6 येते. ते एकातून वजा केले की 0.4, म्हणजे परिणामकारकता 40 टक्के. प्रत्यक्षात वय, आधीचे आजार, हंगामातला महिना यांचा हिशेबही त्यात मिसळतात. दवाखान्यात न्यावे लागेल असा फ्लू होण्याची शक्यता लशीने किती घटली, एवढेच हा आकडा सांगतो. बिनलशीच्या शंभरातल्या दहांना असा फ्लू होणार असेल, तर 19 टक्क्यांच्या लशीने तो साधारण आठांना होईल, एक्क्याऐंशींना नव्हे. शेजाऱ्यांना मी हेच कागदावर मांडून दाखवले.

पण 19 हा आकडा कमीच, हे मान्य केले पाहिजे. उत्तर गोलार्धाच्या लशीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीतच सुचवते, कारण कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस तयार करायला महिने लागतात. 2014 मध्ये ही निवड झाल्यावर एच3एन2 या फ्लूच्या उपप्रकाराचा बदललेला विषाणू पसरला. हिवाळा आला तेव्हा लशीतला एच3एन2 जुना झाला होता, आणि त्या वर्षी साथ मुख्यतः एच3एन2 चीच होती. जुळणी बरी असली तरीही हा उपप्रकार त्रास देतोच. अंड्यात वाढताना त्याच्या पृष्ठभागावरचे प्रथिन थोडे बदलते आणि शरीर त्या बदललेल्या रूपाशी लढायला शिकते. त्यामुळे ज्या हंगामात एच3एन2 जास्त, त्या हंगामाचा एकत्रित आकडा खाली येतो. सीडीसीच्याच फेब्रुवारी 2018 च्या अंतरिम हिशेबात एकत्रित आकडा 36 टक्के होता, पण एच1एन1 विरुद्ध 67 आणि एच3एन2 विरुद्ध 25. म्हणजे त्याच लशीचा त्याच हिवाळ्यातला आकडा कुठला विषाणू फिरतो आहे यावर ठरला.

वयाचेही तसेच. म्हातारपणी लशीला शरीराचा प्रतिसाद मंद असतो, आणि एच3एन2 ज्येष्ठांनाच जास्त गाठतो. त्याच अंतरिम हिशेबात 65 वर्षांवरच्यांचा आकडा 18 टक्के आला, पण त्याची संभाव्य मर्यादा शून्याच्याही खालून 47 टक्क्यांपर्यंत होती. दवाखान्यांत तपासलेले ज्येष्ठ कमी असतात आणि त्यांतले बहुतेक लस घेतलेले, त्यामुळे तुलनेला बिनलशीचे मोजकेच उरतात. असा आकडा मर्यादेशिवाय छापला तर वाचकाला तो पक्का वाटतो.

माझी विनंती एवढीच, की यापुढे टक्का छापाल तेव्हा तो कोणत्या उपप्रकाराविरुद्धचा, कोणत्या वयोगटाचा आणि किती मर्यादेतला, तेही त्याच ओळीत छापावे. माझ्या शेजाऱ्यांनी यंदा लस घेतली. त्यांना हृदयविकार आहे आणि दहातले दोन वाचणे त्यांना पटले.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर, पुणे