पाच मिनिटं 'कमी' कुणी ठरवली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली बारा वर्षं लैंगिक समुपदेशनाचं काम करते. लग्नाला वर्षही न झालेली जोडपी अलीकडे सारखी एकच तक्रार घेऊन येतात: "मॅडम, फार लवकर होतं." लवकर म्हणजे किती, असं विचारलं की पाच-सहा मिनिटं असं उत्तर येतं. मग किती वेळ चालायला हवं? न अडखळता सांगतात, निदान अर्धा तास. हा अर्धा तास पॉर्नमधून आलेला असतो.

2005 साली नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या 500 जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून नोंदी केल्या होत्या. योनीप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा मध्यक निघाला 5.4 मिनिटं, म्हणजे निम्म्या पुरुषांना त्याहूनही कमी वेळ लागला. पहिल्यापासूनचं शीघ्रपतन म्हणतात ते साधारण एका मिनिटाच्या आत, जवळपास प्रत्येक वेळी आणि ताबा न राहता होणारं. पाच मिनिटांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पडद्यावर सलग दिसणारं दृश्य थांबत थांबत, तुकड्यातुकड्यांनी चित्रित करून जोडलेलं असतं. ताठरता टिकवायला गोळ्या, इंजेक्शनंही वापरली जातात. हे बघणाऱ्या विशीतल्या मुलाला कोण सांगणार?

एका जोडप्याचं सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने. लग्नाला सात महिने झाले होते. ती म्हणाली, "तो माझ्याकडे बघतच नाही. माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो." आपण त्याला आवडत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तो खरोखरच मिनिटं मोजत होता. मित्राच्या सांगण्यावरून त्याने बधिर करणारा स्प्रे आणला, पण तो पुसून न काढल्यामुळे तीही बधिर झाली. मग मनातल्या मनात पाढे म्हणत त्याने वेळ वीस मिनिटांवर नेली. तोवर तिचा ओलावा संपलेला असे, दुसऱ्या दिवशी लघवीला आग होई. तरी ती गप्प राहिली. तिनेही तेच व्हिडिओ बघितले होते आणि त्यात कुठलीच बाई 'आता पुरे' म्हणत नाही.

एका रात्री त्याला ताठरताच आली नाही. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि लिंगात रक्त साठत नाही. त्याच भीतीने काहींचं वीर्यपतन उलट लवकर होतं. पुढच्या वेळी आदल्या अपयशाची धास्ती त्यात मिसळते. तो मुद्दाम उशिरा झोपायला येऊ लागला, ती पाठ फिरवून झोपल्याचं सोंग करू लागली. पहाटे मात्र त्याला ताठरता येत होती, एकट्याने असतानाही अडचण नव्हती. नसा आणि रक्तवाहिन्या ठीक असल्याची ही चांगली खूण होती.

मी त्यांना संभोग पूर्ण बंद करायला सांगितला. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांनी 1970 साली मांडलेली ही पद्धत आहे. आठवड्यातून दोनदा, आधी एकाने आणि मग दुसऱ्याने वीस-वीस मिनिटं नुसता स्पर्श करायचा. पहिले दोन आठवडे स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. ज्याला स्पर्श होतोय त्याने काय आवडतं, काय नको, एवढंच बोलायचं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बाहेरच्या खोलीत गेलं. चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "कुठे पोचायचंच नव्हतं, त्यामुळे हरायचंही काही उरलं नाही." ती बोलती व्हायला सातवा आठवडा उजाडला. तिला सुख मिळत होतं ते हाताच्या स्पर्शाने, बाहेरून. पुष्कळ स्त्रियांना केवळ योनीप्रवेशाने परमोच्च सुख मिळत नाही, कारण स्त्रीचा सर्वांत संवेदनशील अवयव, म्हणजे शिश्निका, बाहेर असते. म्हणजे तो इतके महिने जी मिनिटं वाढवत होता, ती तिने कधी मागितलीच नव्हती! हे ऐकून तो रडला. त्याला किती हलकं वाटलं असेल, ते मी समोर बसून पाहिलं आहे.

प्रत्येक अडचण मनातलीच असते असं नाही. पहाटेची ताठरताही नाहीशी झाली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा पहिल्यापासून मिनिटभरातच वीर्यपतन होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचार आहेत. मित्राने दिलेली ताठरतेची गोळी मात्र घेऊ नका. छातीत दुखण्यावर नायट्रेटचं औषध चालू असेल, तर तिने रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो.

आपली,
एक समुपदेशक