चि. ओंकार, तुझ्या अर्जाबद्दल

कराड, रविवार

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, माझाही आवाज चढला, आणि आजी नुकतीच झोपली होती म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. अर्ज तपासायला पाठवला तर आई गाडीवरच बोलत बसते, असं तू म्हणालास. म्हणून आज आजीचं जेवण, गोळ्या सगळं आवरून तुझा कॉल सेंटरचा अर्ज समोर घेऊन बसले आहे. आधी अर्जाचंच लिहिते.

टायपिंग स्पीड ६० लिहिलं आहेस. तो आकडा वेबसाइटवरच्या एका मिनिटाच्या खेळातला आहे ना? तिथे सगळे सोपे शब्द येतात, अंक नाहीत, कॅपिटल नाही, स्वल्पविराम नाही. कंपनीत पाच मिनिटांचा अनोळखी उतारा देतात. तू गुरुवारी मीनलकडे दिलेल्या चाचणीचा फोटो तिने मला पाठवला, त्यावरून मी हिशेब केला. पाच मिनिटांत १०५० ठोके. स्पेस धरून पाच ठोक्यांचा एक शब्द, म्हणजे २१० शब्द, मिनिटाला ४२. हा झाला ग्रॉस स्पीड. चुका १५. त्या वजा केल्या की १९५, भागिले पाच, नेट ३९. अर्जात हाच आकडा लिही: ‘नेट ३९, पाच मिनिटांची चाचणी’. कॉल घेण्याच्या कामाला बहुतेक ठिकाणी ३० ते ३५ पुरतो. चॅटवर एका वेळी दोन-तीन ग्राहक सांभाळायचे असतात, तिथे थोडा जास्त मागतात. तुझा ३९ चांगला आहे रे. साठ लिहून मुलाखतीच्या टेबलावर ३९ निघाला, तर समोरचा माणूस बाकीच्या अर्जावरही विश्वास ठेवणार नाही.

आणि त्या १५ चुका कुठे आहेत ते पाहिलंस का? अकरा चुका अंकांच्या ओळीत आहेत. अक्षरांना तुझी बोटं न बघता जातात, पण ४ आणि ७ आले की मान खाली जाते, आणि मान वर येईपर्यंत तू उताऱ्यातली ओळ हरवतोस. क्लासमध्ये मी तुला किती सांगायची, वरच्या ओळीचा कंटाळा करू नकोस म्हणून. कॉलवर सलग परिच्छेद कोणी टाइप करत नाही. ऑर्डर नंबर, पिनकोड, ईमेल, कार्डाचे शेवटचे चार आकडे, हेच असतं दिवसभर, आणि तेही कानाने ऐकत. तायडीला जुन्या वीजबिलावरचे ग्राहक क्रमांक वाचायला सांग आणि स्क्रीनवरून नजर न हलवता टाइप कर. रोज वीस मिनिटं पुरे.

बोलण्याचं. ‘एक्सलंट कम्युनिकेशन’ हे काढून टाक, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी गेल्या वर्षी काकांच्या दुकानात तू फोनवर ऑर्डरी आणि तक्रारी घेत होतास, ते लिही. किती महिने, रोज साधारण किती फोन, कोणत्या भाषेत. त्यावर ते तुला खोदून विचारतील आणि तू आरामात बोलशील, कारण ते तू खरंच केलं आहेस.

तुझा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. उच्चारांची काळजी करू नकोस, अमेरिकन आवाज काढायला तर मुळीच जाऊ नकोस. तू घाई करतोस आणि वाक्याचा शेवट गिळतोस, तेवढं सुधार. मीनल सांगते, नव्या मुलांची गाडी आकड्यांवर अडते. आपण ५५ ला ‘डबल फाइव्ह’ म्हणतो, तिकडचा माणूस त्यावर थबकतो. ‘फाइव्ह फाइव्ह’ म्हणायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून मागून ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झीरो’ म्हणून खात्री करायची. तारखेत ते महिना आधी लिहितात, त्यामुळे ०४/०५ म्हणजे तिकडे ५ एप्रिल. तारीख सांगताना महिन्याचं नावच घ्यायचं. बी, डी, पी यांतलं अक्षर असलं की ‘बी फॉर बॉस्टन’ असं सांगायचं, आणि पूर्ण नंबर परत वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मीनलने तुझा खोटा कॉल घेतला, ते तिने मला सविस्तर सांगितलं. पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय पण मिळालं नाही, अशी ग्राहक बाई. तू तीनदा सॉरी म्हणालास आणि मग माहिती शोधताना जवळजवळ मिनिटभर गप्प बसलास. त्यांच्याकडे त्याला डेड एअर म्हणतात आणि त्याचे मार्क कापतात. पलीकडच्या माणसाला काय कळणार, तू शोधतोयस की फोन ठेवून चहाला गेलास? सॉरी एकदाच म्हण, पण तिच्याच शब्दांत: ‘पार्सल पोचल्याचं दिसतंय आणि तुमच्या हातात नाही, बरोबर?’ मग नाव आणि ऑर्डर नंबर पडताळ. मग ‘पार्सल कुठे ठेवल्याची नोंद आहे ते बघतो, एक मिनिट लागेल’ असं सांगून शोध, आणि मिनिट संपायच्या आत परत बोल, उत्तर मिळालेलं नसलं तरी. पत्ता बरोबर आहे ना, शेजारी किंवा गेटवर विचारलं का, हे विचार. शेवटी आता काय होणार आणि कधीपर्यंत, ते सांग. तुझ्या हातात नसलेली तारीख मात्र देऊ नकोस. रिफंड उद्या मिळेल असं तू बोलून गेलास म्हणे. तो अधिकार तुला नसतो, आणि परवा ती बाई दुप्पट चिडून फोन करते.

हे सगळं तुला जमेल. दहावीला स्टेजवर तुझे पाय लटपटत होते आणि आवाज मात्र अगदी स्थिर होता, ते मला अजून आठवतं. शिंदे बाई म्हणाल्या होत्या, या पोराचा आवाज विकता येईल.

आता ती ओळ. ‘कोणत्याही शिफ्टला तयार, स्वतःची दुचाकी आहे.’

ओंकार, ही ओळ लिहिताना तू घड्याळ समोर ठेवलं होतंस का? न्यूयॉर्कचे सकाळी नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नऊ तासांची शिफ्ट पहाटे साडेतीनला सुटते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की तुझी शिफ्ट साडेसात ते साडेचार. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा साडेसहा. म्हणजे ऐन थंडीत, पहाटे साडेचारला, खराडी बायपासवरून मुंढव्यामार्गे हडपसरला तू गाडीवर. रात्रभर बोलून बोलून डोकं रिकामं झालेलं, रस्ता मोकळा म्हणून वेग जास्त, आणि त्या वेळी रस्त्यावर डंपर. माणसाला सगळ्यात जास्त झोप पहाटे दोन ते सहा या वेळात येते, ते काही मनाच्या जोरावर थोपवता येत नाही. डोळे उघडे असतात आणि दोन-तीन सेकंद माणूस तिथे नसतोच. चाळीसच्या वेगाने दोन सेकंदांत गाडी बावीस मीटर जाते.

बाबांची तिसरी पाळी तुला आठवणार नाही, तू लहान होतास. कासारवाडीचं तुला ठाऊक आहे तेवढंच. ते आजवर म्हणतात, मला झोप आलीच नव्हती. खरंच म्हणतात ते, त्यांना तसंच वाटतं. डोळा लागलेला माणसाला कळत नाही, हेच तर आहे. त्यांचा खांदा पावसाळ्यात दुखतो तेव्हा मी तेल गरम करते आणि आम्ही दोघं त्याबद्दल काही बोलत नाही. त्या सकाळी सहा वाजून गेले तरी गाडीचा आवाज आला नाही, आणि तू पाळण्यात

असो. मी पुन्हा तिथेच गेले. भाषण द्यायचं नव्हतं रे, माफ कर. नोकरी करू नकोस असं मी म्हणत नाही. रात्रीची नोकरी वाईट नसते, आपलं घर त्यावर उभं राहिलं आहे.

फक्त ती ओळ बदल. अशी लिही: ‘रात्रपाळी आणि फिरती पाळी चालेल, रात्री दहानंतर सुटणाऱ्या शिफ्टला कंपनीची कॅब आवश्यक.’ यात काही कमीपणा नाही, मीनल म्हणते तिच्याकडे निम्मे अर्ज असेच येतात. ‘स्वतःची दुचाकी आहे’ हे वाचलं की ते कॅबच्या यादीत तुझं नाव घालतच नाहीत, आणि एकदा तसं ठरलं की मागाहून बदलून घेणं फार जड जातं. मुलाखतीत विचार: हडपसर कॅबच्या हद्दीत येतं का, कॅब दारापर्यंत येते की चौकापर्यंत, शिफ्ट संपल्यावर किती वेळाने सुटते, आणि कॅब चुकली तर काय सोय. कॅब सगळ्यांना सोडत हिंडते, घरी यायला तासभर उशीर होतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण तो तास तू मागच्या सीटवर झोपून काढशील.

कॅब नसेलच, तर यूके शिफ्ट माग. लंडनचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच, साडेदहा-साडेअकराला सुटशील. भत्ता कमी मिळेल, मिळू दे. आणि कधी नाइलाजाने गाडी नेलीसच, तर सुटल्या सुटल्या निघू नकोस. तिथेच अर्धा तास डोकं टेक, तोंड धू, पाच-दहा मिनिटं हिंड, मग निघ. कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच घे. तीन वाजता घेतलीस तर घरी येऊन झोप लागणार नाही, आणि दुसऱ्या रात्री तू आणखी थकलेला असशील. खिडकीला जाड पडदा लावून घे. निळी चादर कपाटात वरच्या कप्प्यात आहे, तात्पुरती ती चालेल.

तुला वाटेल, आई घाबरट आहे. आहे. पण काकूला मी काल अभिमानाने सांगितलं, ओंकार मोठ्या कंपनीत अर्ज करतोय, इंग्रजीत मुलाखत आहे.

सोमवारी रात्रीपर्यंत दुरुस्त अर्ज मला पाठव. मी स्पेलिंग बघते, बाकी काही बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. आजीचा ताप उतरला आहे. बाबांना सांग, गाडीचं मागचं टायर गुळगुळीत झालंय, ते बदलून आणा म्हणावं, नोकरी लागो न लागो.