सूचना : चार्जिंग पॉइंटवर जाण्याआधी हे पाहा

सर्व ईव्ही सभासदांसाठी,

‘२२ किलोवॉट’ असं लिहिलेल्या एसी पॉइंटवर गाडी तासाभरात भरेल अशी अपेक्षा धरू नका. एसी वीज गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून बॅटरीत जाते आणि वेग तोच ठरवतो. तो ७.२ किलोवॉटचा असेल, तर बाहेरचा पॉइंट कितीही मोठा असो, तेवढीच वीज घेतली जाईल. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. म्हणजे साधारण साडेतीन तास. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर याला सात-आठ तास धरा. रात्रभर लावायला हे उत्तमच.

डीसी फास्ट चार्जर ऑनबोर्ड चार्जरला वगळून थेट बॅटरीला वीज देतो. ५० किलोवॉटवर हेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. मात्र ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वेग उतरवते, त्यामुळे मागे रांग असेल तर तिथेच गन काढा, ही कळकळीची विनंती.

आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांना सीसीएस २ सॉकेट असतं. वरचा गोल, सात पिनांचा भाग म्हणजे टाइप २, तो एसीसाठी. खालच्या दोन जाड पिना डीसीसाठी. त्यांवरचं झाकण वेगळं असेल तर तेही उघडा. ॲपमध्ये स्टेशन शोधताना ‘CCS2’ फिल्टर लावा. जुन्या जीबी/टी चार्जरची गन या सॉकेटमध्ये बसत नाही, फेरा फुकट जातो.