विषय : 400 किलोव्होल्ट वाहिनीचा शंट रिअॅक्टर बंद ठेवून वाहिनी चार्ज केल्याबद्दल आणि त्याचा दोष आमच्या रिलेवर टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य अभियंता, पारेषण विभाग

महोदय,

गेल्या महिन्याच्या 14 तारखेला पहाटे आमच्या प्रकल्पाचा वीजपुरवठा पाच तास वीस मिनिटे बंद राहिला. त्याबाबत आपल्या कार्यालयाने पाठवलेला खुलासा आम्हाला मिळाला. आमच्या टोकावरील अतिदाब रिले फाजील संवेदनशील आहे, म्हणून त्याची मर्यादा 110 टक्क्यांवरून 115 टक्क्यांवर न्यावी, असे त्यात म्हटले आहे. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही आणि तो का मान्य नाही हे सविस्तर नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आपल्या उपकेंद्रापासून आमच्यापर्यंत येणारी वाहिनी 400 किलोमीटर लांब आहे. त्या रात्री 1 वाजून 10 मिनिटांनी वीज पडून ती ट्रिप झाली, आणि त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्यानंतर मात्र आपण 1.52, 2.20 आणि 3.05 वाजता ती आपल्या टोकाकडून चार्ज केली. तिन्ही वेळा आमचा ब्रेकर उघडा होता, म्हणजे वाहिनीचे आमच्याकडचे टोक मोकळे होते. तिन्ही वेळा आमच्या टोकाला सुमारे 448 किलोव्होल्ट दाब नोंदला गेला, पाच सेकंदांनी अतिदाब रिलेने आपल्या टोकाला ट्रिपचा संदेश पाठवला आणि वाहिनी पुन्हा मृत झाली. पाच सेकंदांच्या विलंबासह 440 किलोव्होल्टवर काम करण्यासाठी लावलेला रिले 448 वर चालला, यात त्याचे काय चुकले?

दाब 448 पर्यंत का गेला हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या खुलाशात नेमका तोच वगळला आहे. इतक्या लांब वाहिनीच्या तारा आणि जमीन यांच्यामध्ये मोठी धारिता असते. टोक मोकळे असले तरी ती भरण्यासाठी वाहिनी प्रवाह ओढतेच. हा प्रवाह दाबाच्या पुढे धावणारा असतो, त्यामुळे वाहिनीच्या स्वतःच्या प्रेरकत्वातून जाताना तो दाब घटवण्याऐवजी वाढवतो. टोकाकडे जाऊ तसा दाब चढत जातो आणि मोकळ्या टोकाशी तो सर्वांत जास्त असतो. 1890 च्या सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड वीजकेंद्राच्या केबलवर हे दिसून आले आणि फेरांटी यांचे नाव त्याला चिकटले. पारेषणाच्या अभियंत्याला ते नवे नसावे. 200 किलोमीटरच्या वाहिनीत ही वाढ दोन टक्क्यांच्या आसपास असते, पण लांबी दुप्पट झाली की ती साधारण चौपट होते. म्हणून आमच्या वाहिनीत ती साडेनऊ टक्क्यांच्या जवळ जाते. शिवाय हाच प्रवाह आपल्या स्रोताच्या प्रेरकत्वातूनही येत असल्यामुळे आपल्या बसचा दाबही चार्ज करताक्षणी थोडा वर सरकतो. आपल्याच नोंदींप्रमाणे त्या रात्री तो 400 वरून 410 झाला होता. त्यावर साडेनऊ टक्के चढवले की जवळजवळ 449 येतात. आमच्या मापकाने 448 दाखवले. म्हणजे मापकही बरोबर होता.

ही वाढ रोखण्यासाठीच वाहिनीच्या दोन्ही टोकांना शंट रिअॅक्टर बसवलेले आहेत, आपल्याकडे 50 एमव्हीएआरचा आणि आमच्या यार्डात, परंतु आपल्या मालकीचा व ताब्यातला, 80 एमव्हीएआरचा. पुढे धावणाऱ्या प्रवाहाला मागे राहणारा प्रवाह देऊन त्याचा काही भाग रिअॅक्टर जागीच भागवतो, त्यामुळे तेवढा प्रवाह वाहिनीतून ओढावा लागत नाही. पहाटे 5.40 वाजता आमच्या पाळी अभियंत्याने यार्डात फेरी मारली तेव्हा त्या 80 च्या रिअॅक्टरचा आयसोलेटर उघडा दिसला. तीन आठवड्यांपूर्वी आपल्या पथकाने तेलाच्या चाचणीसाठी तो उघडला होता, आणि काम संपल्यावर बंद करायचा राहून गेला. वाहिनीवर भार असताना ही चूक सहज लक्षात येत नाही, कारण भाराचा प्रवाह दाब खाली ओढत असतो. तरीही त्या तीन आठवड्यांत आमच्या नोंदवहीत रात्री भार उतरला की दाब 425 पर्यंत जाताना दिसतो, आणि हे आम्हीही तेव्हाच कळवायला हवे होते, एवढी आमची कसूर मान्य आहे.

आपल्या टोकाचा 50 चा रिअॅक्टर चालू होता, म्हणून भरपाई पुरेशी होती, असे खुलाशात म्हटले आहे. मतभेदाचे मूळ इथेच आहे. आपल्या टोकाचा रिअॅक्टर आपल्या बसवरचा भार हलका करतो, पण पुढे 400 किलोमीटरमध्ये चढणाऱ्या दाबाला हात लावत नाही, कारण वाहिनीतून वाहणारा प्रवाह तेवढाच राहतो. आम्ही गणित करून पाहिले. हा 80 चा रिअॅक्टरही आपल्याच टोकाला बसवला असता, तर मोकळ्या टोकाचा दाब 448 वरून फार तर 444 वर आला असता, म्हणजे रिलेने तेव्हाही ट्रिपच केले असते. तोच रिअॅक्टर आमच्या टोकाला असला की हिशोबाने दाब 418 येतो. अखेर 6.15 वाजता मृत वाहिनीवर आयसोलेटर बंद करून 6.30 वाजता ती चार्ज केली, तेव्हा मापकावर 418 च स्थिर राहिला आणि आमचा पुरवठा सुरू झाला. याच रिलेने, याच मर्यादेवर, त्या वेळी काहीच केले नाही.

रिलेची मर्यादा 115 टक्के, म्हणजे 460 किलोव्होल्ट केली असती, तर त्या रात्री वाहिनी 448 वर चालू राहिली असती. यार्डातली उपकरणे कमाल 420 किलोव्होल्टसाठी आहेत. त्या दाबावर आम्ही ब्रेकर बंद केला असता तर 400 किलोव्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात बारा टक्के जास्त चुंबकीय प्रवाह गेला असता, गाभा संपृक्त होऊन तापला असता आणि प्रवाह विकृत झाला असता. म्हणून मर्यादा वाढवायला आम्ही संमती देणार नाही.

त्या रिअॅक्टरला स्वतंत्र ब्रेकर नाही, फक्त आयसोलेटर आहे, त्यामुळे वाहिनी जिवंत असताना तो जोडता येत नाही. जड भाराच्या दिवसांत तो दाब थोडा दाबून धरतो, म्हणून तो बाहेर ठेवण्याचा मोह होतो, हे आम्ही समजू शकतो. पण ज्याची गरज वाहिनी मोकळी असताना लागते, तो वाहिनी मोकळी होण्याआधीच जोडलेला असावा लागतो. यासाठी त्या आयसोलेटरची स्थिती आपल्या नियंत्रण कक्षात दिसावी आणि तो उघडा असताना आपल्या टोकाचा ब्रेकर बंदच होऊ नये, असे इंटरलॉक बसवावे. तोपर्यंत चार्ज करण्यापूर्वी आमच्या पाळी अभियंत्याकडून दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी.

रिलेवरचा आक्षेप लेखी मागे घ्यावा, तसेच 1.52 पासून 6.30 पर्यंतच्या खंडित काळाचे स्थिर आकार देयकातून वगळावेत. पहिल्या ट्रिपपासून 1.52 पर्यंतची बेचाळीस मिनिटे आम्ही मागत नाही. तिन्ही प्रयत्नांच्या रिले नोंदी व आमची नोंदवही सोबत जोडली आहे. कृपया पंधरा दिवसांत उत्तर द्यावे.

आपला,
विद्युत विभाग प्रमुख
(ग्राहक प्रकल्प)