चौथी गोळी घेण्याआधी

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता तू एकदम सोयाबीनच्या भावावर आलीस, तेव्हाच समजले की सासूबाई खोलीत आल्या. म्हणून हे लिहिते. बाबांच्या हाती उघडं देत नाही, सांडग्यांच्या डब्यात तळाशी ठेवते. तूच डबा उघड.

तुला लाज वाटते हे कळतं, पण तुझी आई तीस वर्षं उपकेंद्रात नर्सबाई होती. निंदणाच्या दिवसांत बायका धुऱ्यावर बाजूला घेऊन हेच सांगायच्या, "काय सांगू व बाई, बसवत नाही का उठवत नाही." अंगावरून पांढरं जाणं हे कितीतरी बायकांचं गाऱ्हाणं. त्यात नुसतं पांढरं पाणी वेगळं आणि तुझं वेगळं. तू सांगितलंस ते, म्हणजे प्रचंड खाज, आग, लघवी करताना बाहेरून झोंबणं, आणि फाटलेल्या दह्यासारखा, वास नसलेला स्राव. हे बुरशीचं लक्षण. कॅंडिडा नावाची ही बुरशी एरवीही थोडी अंगात असतेच. पोळ्याच्या वेळी तू दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलंस, त्याने चांगले जंतू मेले आणि हिला रान मोकळं मिळालं. पहिल्या वेळचं कारण एवढंच. तुझ्या अंगाची घाण नाही, आणि जावयांकडून आलेला रोगही नाही. त्यांना स्वतःला खाज किंवा लाल पुरळ नसेल तर त्यांना गोळी द्यायची गरज नाही.

पहिल्या वेळी तू जी फ्लुकोनाझोलची १५० ची एक गोळी घेतलीस ती बरोबरच होती. एकच गोळी पुरते, कारण ती रक्तात बरेच दिवस राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज उतरते, पूर्ण बरं वाटायला आठवडा लागतो. तेवढ्या आठवड्यात लोक घाबरून दुसरी गोळी घेतात, तसं करू नको. गोळीऐवजी क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळीही तितकीच चांगली. ५०० ची असेल तर एकच रात्र, १०० ची असेल तर सहा रात्री. झोपताना, पाठीवर पडून, गुडघे वाकवून, जमेल तितकी आत ढकलायची आणि मग उठायचं नाही. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो, म्हणून खाली जुनी सुती घडी असू दे. पाळीत ठेवली तर रक्ताबरोबर वाहून जाते, पाळी संपू दे. आणि ही गोळी किंवा मलम वापरताना निरोधावर भरवसा ठेवू नका, रबर कमजोर होतं.

तुम्ही यंदा बाळाचा विचार करताय, म्हणून एक पक्कं लक्षात ठेव. पाळी एक दिवस जरी पुढे गेली असेल तर तोंडाची गोळी घ्यायची नाही, आधी लघवीची तपासणी. गर्भ असेल तर क्लोट्रिमाझोलच, आणि तोही सात रात्रींचा, डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारं किंवा दुसरं रोजचं औषध चालू असेल तर तेही आधी सांगायचं असतं, फ्लुकोनाझोल पुष्कळ औषधांत लुडबुड करते.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. पोळ्याला एक, दिवाळीला एक, संक्रांतीला एक, आणि आता पुन्हा खाज सुरू झाल्यावर तू म्हणतेस, "आई, मेडिकलवाला ओळखीचा आहे, चौथी घेऊन टाकते." नको. सहा महिन्यांत दोनदाच्या वर झालं की तपासायला हवं असतं, तुझं तसंच झालंय. मला एका बाईची गोष्ट सांगायची आहे, नाव नको. वय बेचाळीस, कापूस वेचणारी. दोनदा मीच डॉक्टरांकडून लिहून आणून तिला गोळी दिली, तिसऱ्यांदा म्हटलं, "उन्हात घाम येतो, सुती कपडे घाल." चौथ्यांदा तिने मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. तिच्यात स्टेरॉइड होतं. दोन दिवस थंड वाटलं आणि मग जांघेपर्यंत लाल झालं. तेव्हा कुठे मी तिच्या बोटातून रक्त घेतलं, तर साखर तीनशे बारा! रात्री चारदा लघवीला उठते हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. साखर आटोक्यात आली तसा त्रास थांबला, पुन्हा गोळी लागली नाही. ती चूक माझी होती, वैशू.

म्हणून तुझीही साखर काढायची. उपाशीपोटी, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.१सी. आणि एच.आय.व्ही.ची तपासणी सांगितली तर रागावू नको, वारंवार बुरशी झाली की काही डॉक्टर ती करायला सांगतात, संशय म्हणून नाही. पण सगळ्यात आधी स्वॅब. कापसाच्या काडीवर स्राव घेऊन लॅबमध्ये पाठवतात, तिथे ती वाढवून बघतात, तीन-चार दिवस लागतात. ही काडी तुला स्वतःलाही घेता येते, नर्स दाखवेल. मुख्य अट ही की खाज चालू असताना आणि औषध न घेता द्यायची. गोळी घेऊन गेलीस तर रिपोर्ट कोरा येऊ शकतो आणि पुन्हा सगळं अंधारात.

रिपोर्टमध्ये बघायचं ते हे, की बुरशी आहे का, आणि असेल तर कोणती. ग्लाब्राटा असं लिहून आलं तर फ्लुकोनाझोलला ती सहसा जुमानत नाही, मग औषध वेगळं. नेहमीची अल्बिकान्स असेल तर डॉक्टर बहुधा तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक असं देतात. बुरशीच नसेल, तर गोष्ट दुसरीच. माशासारखा वास आणि पातळ करडा स्राव, किंवा हिरवट फेसाळ, त्यावर ही गोळी काहीही करत नाही.

तोवर आत साबण नको, मोठी माय म्हणते तसं लिंबाचं पाणी नको, दही नको. बाहेरून साधं पाणी, कोरडं करून सुती चड्डी. आणि ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा रक्त दिसलं तर वाट पाहू नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बाबा मंगळवारी बस पकडतील. तू त्यांच्यासोबतच ये, सासूबाईंना मी दाढ दाखवायची म्हणून फोन करते. बुधवारी सकाळी नाश्ता करू नको, चहाही नको. मी रिकाम्या पोटी रांगेत तुझ्यासोबत उभी राहीन, मलाही शुगर काढायचीच आहे.

तुझी आई